गर गोठायला किती वेळ लागतो? आधी जाडी मोजा

नमस्कार मंडळी. एप्रिल उजाडला की रत्नागिरी, पावस, देवगड सगळीकडून हापूसचा गर आमच्या ब्लास्ट फ्रीझरला यायला लागतो आणि प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच, "भाऊ, कधी न्यायला येऊ?" आम्ही उलट विचारतो की थर किती जाड भरलाय, तर बऱ्याच जणांना वाटतं आम्ही उत्तर टाळतोय. तसं अजिबात नाहीये. किलो किती यापेक्षा जाडी किती यावर वेळ ठरतो, आणि तो कसा ठरतो ते नीट समजावं म्हणून हे पत्रक.

आधी गोठताना आत काय होतं ते बघा. तीस अंशाचं एक किलो पाणी शून्यावर आणायला साधारण १२६ किलोज्यूल उष्णता काढावी लागते. पण शून्यावरच्या त्या पाण्याचा शून्यावरचाच बर्फ करायचा तर ३३४ किलोज्यूल, म्हणजे अडीचपटीपेक्षा जास्त, आणि ती निघत असताना तापमान हलत पण नाही. हापूसच्या गरात साधारण ८२ टक्के पाणी धरलं तर किलोमागे २७४ किलोज्यूल झाले. ही सगळी उष्णता आतून बाहेर यायची. गर बाहेरून गोठत आत जातो, त्यामुळे आतल्या उष्णतेला आधी गोठलेला थर ओलांडायचा आणि मग पृष्ठभागाला चिकटून असलेला हवेचा पातळ पापुद्रा ओलांडायचा. दोन अडथळे, बस. जर्मन इंजिनिअर रुडॉल्फ प्लँक यांनी १९१३ साली हेच दोन अडथळे धरून बर्फाच्या लादीसाठी सूत्र मांडलं आणि आजही अंदाज काढायचा तर सुरुवात त्याच सूत्राने होते:

```
t = (ρ × L / ΔT) × (P × a / h + R × a² / k)
```

घाबरू नका, एकेक अक्षर सोपं आहे. `t` म्हणजे सेकंदात वेळ. `ρ` घनता, गराची आपण घनमीटरला १०५० किलो धरतो. `L` म्हणजे वरचे २७४ किलोज्यूल, सूत्रात २७४००० ज्यूल लिहायचे. `ΔT` म्हणजे गर गोठायला लागतो ते तापमान आणि फ्रीझरची हवा यातला फरक. साखरेमुळे गर शून्याला नाही तर उणे दोनच्या आसपास गोठायला लागतो आणि आमची हवा उणे ३५, म्हणजे फरक ३३. `a` ही जाडी, मीटरमध्ये, आणि माल गोल असेल तर आरपार व्यास. `h` म्हणजे वाहती हवा पृष्ठभागावरून किती जोरात उष्णता ओढते ते, आमच्या पंख्यांच्या झोतात आम्ही २५ धरतो. `k` म्हणजे गोठलेल्या गरातून उष्णता किती सहज जाते ते, १.५ धरा. राहिले `P` आणि `R`, हे आकाराचे आकडे. सपाट लादीला १/२ आणि १/८, गोळ्याला १/६ आणि १/२४.

आता पाच सेंटीमीटर जाडीचा ट्रे घेऊया, दोन्ही बाजूंनी हवा लागतेय असा.

```
ρL/ΔT   = 1050 × 274000 / 33   = 8720000
P×a/h   = 0.5 × 0.05 / 25      = 0.00100
R×a²/k  = 0.0025 / 8 / 1.5     = 0.00021
t = 8720000 × 0.00121 = सुमारे 10500 सेकंद
```

म्हणजे तीन तासाला थोडं कमी. पण उत्तरापेक्षा मधल्या दोन ओळी बघण्यासारख्या आहेत. हवेचा अडथळा ०.००१०० आणि गोठलेल्या थराचा फक्त ०.०००२१. म्हणजे पाच सेंटीमीटरपर्यंतच्या मालात वेळ खाते ती हवा, आतला बर्फ नाही. म्हणूनच आम्ही ट्रे पंख्याच्या तोंडाशी, एकमेकांत बोटभर अंतर सोडून लावतो आणि ओले ट्रे आत घेत नाही, कारण ओलावा शेवटी कॉइलवर बर्फ होऊन बसतो, झोत मंदावतो आणि तो २५ चा आकडा खाली येतो. मिरग जवळ आला की हवाच इतकी दमट असते की कॉइलचा बर्फ जास्त वेळा वितळवावा लागतो, तेव्हा जूनमध्ये माल असेल तर वेळ थोडा वाढवूनच धरा.

तोच गर दहा सेंटीमीटर भरला तर? हवेच्या अडथळ्याची ओळ दुप्पट होते पण गोठलेल्या थराच्या ओळीत जाडीचा वर्ग आहे म्हणून ती चौपट होते, आणि उत्तर येतं जवळजवळ सात तास. दुप्पट जाडी, वेळ दुपटीपेक्षा जास्त. उलटीकडे तीन सेंटीमीटरचा चपटा पाऊच दीड तासाच्या थोडा वर. एक किलो गर साधारण अठरा बाय अठरा सेंटीमीटरच्या जागेत पसरला की बरोबर तीन सेंटीमीटर होतो. हे घरात करून बघण्यासारखं आहे, भरलेली पिशवी ओट्यावर आडवी ठेवायची आणि तळहाताने हलकेच दाबत कोपऱ्यापर्यंत गर न्यायचा, मग पट्टी उभी धरून मोजायचं.

घरच्या डीप फ्रीझरचं पण विचारतात म्हणून सांगतो. हवा उणे १८, पंखा नाही, `h` आठ धरा. पाच सेंटीमीटरला साडेसोळा तास आणि दहा सेंटीमीटरच्या डब्याला पस्तीस तास येतात. इतका वेळ मधला गर ना धड गार ना गोठलेला असा राहतो, बर्फाचे खडे मोठे होतात आणि वितळल्यावर पाणी सुटतं. तुमच्या फ्रीझरचा दोष नाही तो, थराचा आहे.

आता गोळा. गोल वस्तूला उष्णता सगळ्या बाजूंनी सोडता येते म्हणून `P` आणि `R` दोन्ही लादीच्या बरोबर एक तृतीयांश आहेत. दहा सेंटीमीटरची लादी सात तास घेत असेल तर दहा सेंटीमीटर व्यासाचा गोळा सव्वादोन तासात होतो. गणपतीआधी उकडीचे मोदक गोठवायला आणणाऱ्या वहिनींना म्हणूनच आम्ही सांगतो की मोदक सुटे, एकमेकांना न चिकटवता लावा. पाच सेंटीमीटरच्या गोल मोदकाला गराचे आकडे लावले तरी तासाभराचा हिशोब येतो, त्यातून मोदकात पाणी कमी असतं, गुळामुळे गोठणबिंदू मात्र आणखी खाली जातो. पण तेच मोदक डब्यात दाबून भरले की ते मोदक राहत नाहीत, सूत्राच्या दृष्टीने ती एक जाड लादी झाली.

यावरून कुणी म्हणेल मग गर पण गोल डब्यात भरू. तिथे फसगत आहे. एक किलो गराचा गोळा सव्वाबारा सेंटीमीटर व्यासाचा होतो आणि त्याला तीन तास लागतात, तोच किलो तीन सेंटीमीटर चपटा केला तर दीड तासाच्या थोडा वर. एकाच जाडीला गोळा जिंकतो, एकाच वजनाला चपटी पिशवी जिंकते.

हे सूत्र कुठे कमी पडतं तेही सांगायला हवं. ते असं धरून चालतं की माल आधीच उणे दोनवर आलाय आणि गोठला की काम संपलं. प्रत्यक्षात तुमचा गर तीस अंशाचा येतो आणि आम्हाला मध्यभाग उणे १८ वर न्यायचा असतो. शिवाय साखरेच्या गरातलं पाणी एका झटक्यात एका तापमानाला गोठत नाही, उणे दोनला सुरू होतं आणि खाली जाता जाता थोडं थोडं गोठत राहतं. म्हणून आम्ही सूत्राचं उत्तर दीडने गुणतो आणि तो वेळ तुम्हाला सांगतो. पाच सेंटीमीटरला साडेचार तास, दहाला साडेदहा. गर रात्रभर फ्रिजमध्ये ठेवून आठ-दहा अंशावर आणलात तर यातला चांगला भाग वाचतो, आणि वाफेवरून काढलेला गरम गर तर कृपया थेट आणूच नका, शेजारच्याचा गोठत आलेला माल त्याने परत गरम होतो.

दुसरी अट अशी की दोन्ही बाजूंनी हवा लागली पाहिजे. एक बाजू बंद झाली की सूत्रासाठी जाडी दुप्पट होते, म्हणजे थर्माकोलवर ठेवलेला पाच सेंटीमीटरचा ट्रे दहासारखा वागतो. गेल्या मे महिन्यात आमच्याकडूनच हे झालं. गर्दी होती, जागा कमी, म्हणून एका काकांचे दहा सेंटीमीटरचे डबे एकावर एक असे दोन थर लावले, रात्री आठला आत गेले आणि सकाळी सहाला बाहेर काढले. बाहेरून टणटणीत, टिचकी मारली तर दगड. काकांनी तिथेच एक डबा उलटा करून सुरी घातली तर दोन बोटं आत गेल्यावर सुरी सरकन खाली गेली आणि मधून पिवळाधमक पातळ गर सुरीच्या पात्यावरून ओघळला. दोन डबे चिकटून म्हणजे वीस सेंटीमीटरची लादी, सूत्राने नुसतेच जवळजवळ अठरा तास, दीडने गुणलं की सत्तावीस, आणि आम्ही दिले होते दहा. त्या मालाचे पैसे आम्ही घेतले नाहीत आणि तेव्हापासून डब्यांमध्ये जाळी घातल्याशिवाय दुसरा थर चढत नाही.

खोक्याचंही तसंच. तीन मिलिमीटरच्या कोरुगेटेड पुठ्ठ्यातून उष्णता फार हळू जाते, तो मध्ये आला की पंचवीसचा `h` अकराच्या आसपास पडतो आणि पाच सेंटीमीटरचे तीन तास सहा होतात. म्हणून आधी गोठवायचं, मग खोक्यात भरायचं, या क्रमावर आम्ही अडून बसतो त्याचं कारण हे.

झालं की नाही हे आम्ही बाहेरून हात लावून ठरवत नाही. सगळ्यात जाड ट्रे निवडायचा, गर भरतानाच त्याच्या मधोमध प्रोबची तार सोडून ठेवायची. तापमान उणे दोनपर्यंत भराभर उतरतं, तिथे तासन्‌तास रेंगाळतं, आणि एकदा का तिथून सुटलं की परत झरझर खाली जातं. तार ठेवायची राहिली असेल तर ड्रिलने मध्यापर्यंत बारीक भोक पाडून थर्मामीटर घालतो, आणि भोक पाडताना भुसा कोरडा निघतोय की ओला चिकटतोय यावरूनच निम्मं कळतं.

माल आणायच्या आदल्या दिवशी फोन करताना तीन गोष्टी सांगा: थर किती सेंटीमीटर, गर किती गार, आणि पाऊच आहे की डबा. त्यावरून किती वाजता न्यायला यायचं ते फोनवरच सांगू.