झोपेच्या गोळ्यांतले व्हॅलेरियन आणि मॅग्नेशियम: दाव्यामागचा पुरावा

व्हॅलेरियन या वनस्पतीचे मूळ झोपेसाठी घेण्याची प्रथा फार जुनी आहे. दुसऱ्या शतकातला वैद्य गॅलेन ते निद्रानाशावर देत असे. त्याची रीतसर तपासणी मात्र विसाव्या शतकात झाली. १९८२ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आजही पाहण्यासारखा आहे. १२८ जणांना प्रत्येकी नऊ नमुने दिले गेले. तिनांत ४०० मिलिग्रॅम व्हॅलेरियनचा अर्क होता, तिनांत व्हॅलेरियन व बिअरमध्ये वापरल्या जाणाऱ्या हॉप्स या वनस्पतीचे बाजारातले मिश्रण आणि उरलेल्या तिनांत औषध नसलेला प्लासिबो. आपण काय घेतले हे न कळता प्रत्येकाने झोप कशी लागली ते लिहून द्यायचे होते. नुसत्या व्हॅलेरियनच्या रात्री झोप बरी लागल्याचे लोकांनी नोंदवले, विशेषतः ज्यांची झोप मुळात कच्ची होती त्यांनी.

अशा चाचण्यांची खरी अडचण वासात आहे. व्हॅलेरियनला आयसोव्हॅलेरिक आम्लाचा उग्र दर्प येतो, घामेजलेल्या मोज्यांसारखा. प्लासिबोला तो नसेल, तर कोणती गोळी खरी हे बाटली उघडताच ओळखू येते आणि झोपेबद्दलचे उत्तर त्या अंदाजाकडे झुकते. म्हणून व्हॅलेरियनवरचा कुठलाही अभ्यास वाचताना मी आधी पाहतो की वास झाकला होता का, आणि सहभागींना शेवटी ‘तुम्ही काय घेतलेत असे वाटते?’ हे विचारले होते का.

२००६ मध्ये १६ चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या. त्यांपैकी सहा चाचण्यांत ‘झोप सुधारली का’ याचे हो-नाही उत्तर होते. तिथे व्हॅलेरियन घेणाऱ्यांनी ‘हो’ म्हणण्याचे प्रमाण सुमारे १.८ पट निघाले. पण बऱ्याच चाचण्यांच्या पद्धतीत दोष होते, आणि अनुकूल निकालच जास्त छापले गेल्याच्या खुणाही दिसल्या. २०१७ साली अमेरिकेतील निद्रावैद्यकाच्या अकादमीने दीर्घकालीन निद्रानाशावर व्हॅलेरियन न वापरण्याचा सल्ला दिला, तोही पुरावा कच्चा असल्याचे सांगूनच.

तरीही या गोळ्या पूरक आहार म्हणून सर्रास मिळतात. अमेरिकेच्या १९९४च्या कायद्यानुसार पूरक आहार विकण्याआधी तो उपयोगी पडतो हे सिद्ध करावे लागत नाही. ‘निद्रानाश बरा करते’ असे लिहिता येत नाही, पण ‘शांत झोपेला साहाय्य’ असे चालते.

मॅग्नेशियमचा पाया याहून अरुंद आहे. ते चेतापेशींची उत्तेजना आवरते, त्यामुळे कल्पना पटण्याजोगी आहे. पण २०२१च्या आढाव्यात निद्रानाश असलेल्या वयस्कांवरच्या तीनच चाचण्या सापडल्या, मिळून १५१ माणसे. प्लासिबोच्या तुलनेत झोप सुमारे १७ मिनिटे लवकर लागली. एकूण झोप सुमारे १६ मिनिटांनी वाढल्याचे दिसले, पण तो फरक योगायोगाचाही असू शकत होता. तरुण, धडधाकट माणसाला हे आकडे लागू होतील असे यावरून म्हणता येत नाही.

गोळ्यांतून घ्यायच्या मॅग्नेशियमची अमेरिकेत ठरलेली कमाल मर्यादा प्रौढांसाठी दिवसाला ३५० मिलिग्रॅम आहे. जास्त झाल्यास आधी जुलाब होतात. मूत्रपिंड अधू असेल तर ते रक्तात साठते, रक्तदाब उतरतो आणि हृदयाची लयही बिघडू शकते. अशा माणसाने डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते घेऊच नये.