ट्रेटिनॉइन क्रीम : मुरुमांसाठी रात्रीचा वापर

ट्रेटिनॉइन हे अ जीवनसत्त्वापासून तयार होणारे रेटिनॉइक आम्ल असून मुरुमांवर, म्हणजेच तारुण्यपीटिकांवर, त्वचेला लावण्याचे औषध म्हणून ते वापरले जाते. अमेरिकेतील त्वचारोगतज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन आणि त्यांचे सहकारी यांनी मुरुमांवरील त्याच्या परिणामाचे काम १९६९ मध्ये प्रसिद्ध केले आणि १९७१ मध्ये अमेरिकेत या उपचाराला मान्यता मिळाली. क्रीमच्या रूपात ते प्रामुख्याने ०.०२५, ०.०५ आणि ०.१ टक्के या तीव्रतांमध्ये मिळते. पाच दशकांहून अधिक काळ वापरात असलेले हे औषध प्रभावी आहे याविषयी फारसा वाद नाही. तरीही पहिल्या महिन्याभरातच अनेक जण ते सोडून देतात आणि याचे कारण बहुतेक वेळा औषध निरुपयोगी ठरणे हे नसून चेहऱ्याची होणारी आग हे असते. त्यामुळे हे औषध किती, केव्हा आणि किती दिवसांच्या अंतराने लावावे, हा उपचाराचाच भाग मानला जातो.

मुरुमाची सुरुवात डोळ्यांना दिसण्याच्या बरीच आधी होते. केसाच्या मुळाशी असलेल्या सूक्ष्म नळीतील, म्हणजे केशकूपातील, मृत पेशी नेहमीप्रमाणे सुट्या होऊन बाहेर पडण्याऐवजी एकमेकींना चिकटतात आणि तैलग्रंथींतून येणाऱ्या तेलासह त्यांचा बूच तयार होतो. हा बूच मोठा झाला की व्हाइटहेड किंवा ब्लॅकहेड दिसू लागतो आणि तेथे दाह झाला की लाल, दुखरी पुटकुळी येते. ट्रेटिनॉइन पेशींच्या केंद्रकातील रेटिनॉइक आम्लाच्या ग्राहींमार्फत काम करते. त्यामुळे केशकूपाच्या अस्तरातील पेशींची वाढ आणि त्यांचे सुटे होणे पूर्ववत होते, जुने बूच सैल होतात आणि नवे धरत नाहीत. म्हणूनच हे क्रीम आलेल्या पुटकुळीवर ठिपक्यासारखे लावणे चुकीचे ठरते. जेथे मुरुम वारंवार येतात तो सगळा भाग, आज स्वच्छ दिसणाऱ्या जागेसह, पातळ थराने झाकावा लागतो.

याच गुणधर्मामुळे त्वचेचा त्रासही होतो. वरच्या मृत थरातील पेशी लवकर सुट्या होतात, तो थर काही काळ पातळ व विस्कळीत होतो, त्वचेतील ओलावा अधिक वेगाने उडून जातो आणि मग लाली, ताण, चुणचुण व पापुद्रे सुटणे सुरू होते. हा त्रास बहुधा पहिल्या दोन ते चार आठवड्यांत सर्वाधिक असतो. त्वचा जुळवून घेऊ लागली की त्याच मात्रेवर तो कमी होत जातो. चेहरा सोलवटला म्हणजेच औषध लागू पडले, ही समजूत बरीच रूढ आहे, पण तिला आधार नाही. पापुद्रे न सुटताही केशकूपातील बदल घडतात. उलट दाह झालेल्या त्वचेवर, विशेषतः सावळ्या आणि गडद वर्णाच्या त्वचेवर, काळपट डाग मागे राहतात आणि ते मुरुमापेक्षाही जास्त काळ टिकू शकतात.

औषध रात्री लावण्याचे मुख्य कारण म्हणजे ट्रेटिनॉइन प्रकाशात विघटित होते. दिवसा लावलेल्या थरातील बराचसा भाग काम करण्याआधीच निकामी होण्याची शक्यता असते, शिवाय सुरुवातीच्या आठवड्यांत त्वचा उन्हाला अधिक हळवी झालेली असते. मुरुमांवरच वापरले जाणारे बेन्झॉइल पेरॉक्साइड हेही साध्या ट्रेटिनॉइनचे ऑक्सिडीकरण करून त्याचा प्रभाव घटवते. दोन्ही औषधे दिलेली असतील, तर बेन्झॉइल पेरॉक्साइड सकाळी आणि ट्रेटिनॉइन रात्री अशी विभागणी करतात. सूक्ष्म गोलकांत बंदिस्त केलेले काही जेल प्रकार या बाबतीत अधिक स्थिर असतात, पण साध्या क्रीमला हे लागू होत नाही.

संपूर्ण चेहऱ्यासाठी एका रात्रीची मात्रा वाटाण्याच्या दाण्याएवढी असते, म्हणजे साधारण पाव ग्रॅम. ती बोटावर काढल्यावर फारच कमी वाटते आणि येथेच हात सैल सुटतो. मात्रा दुप्पट केल्याने फायदा दुप्पट होत नाही, जळजळ मात्र वाढते. दाण्याएवढ्या क्रीमचे कपाळ, दोन्ही गाल आणि हनुवटी येथे छोटे ठिपके द्यावेत आणि मग ते बाहेरच्या दिशेने, न चोळता, पसरवावेत. थर दिसेनासा झाला पाहिजे. पांढरट लेप दिसत असेल तर क्रीम जास्त झाले आहे. पापण्या, ओठ, ओठांचे कोपरे आणि नाकपुडीच्या बाजूची घडी येथे क्रीम साचते आणि सर्वांत आधी तेथेच कातडी फाटते, म्हणून लावण्यापूर्वी या जागांवर पेट्रोलियम जेलीचे हलके बोट फिरवणे उपयोगी पडते. प्रमाण योग्य आहे की नाही हे ट्यूबवरूनही कळते. रोज रात्री पाव ग्रॅम या हिशेबाने २० ग्रॅमची ट्यूब सुमारे ८० रात्री पुरायला हवी. ती महिन्याभरात संपत असेल, तर त्रासाचे मूळ शोधायला फार लांब जावे लागत नाही.

मात्रा ठरलेली असल्यामुळे हळूहळू वाढवायची असते ती वापराची वारंवारता. समजा, कपाळ आणि हनुवटीवर व्हाइटहेड व अधूनमधून लाल पुटकुळ्या येणाऱ्या एका तरुणाला त्वचारोगतज्ज्ञांनी ०.०२५ टक्के क्रीम दिले आहे. पहिले दोन आठवडे तो फक्त सोमवारी आणि गुरुवारी रात्री ते लावतो. सौम्य क्लेन्झरने चेहरा धुऊन, टिपून, वीस ते तीस मिनिटे थांबून तो क्रीम पसरवतो, कारण ओलसर त्वचेवर ते अधिक झोंबते. त्यानंतर मॉइश्चरायझर लावतो. किंचित कोरडेपणाखेरीज त्रास नसल्याने तिसऱ्या आठवड्यापासून तो एक रात्र सोडून क्रीम लावू लागतो. पाचव्या आठवड्यात घाई करून तो सलग चार रात्री लावतो आणि पाचव्या सकाळी नाकाच्या बाजूला लालसर पट्टा दिसतो, साध्या पाण्यानेही चेहरा चुणचुणतो. आता तो ट्रेटिनॉइन थांबवून फक्त मॉइश्चरायझर वापरतो. पाणी लागले तरी चेहरा झोंबेनासा झाला आणि लाली ओसरली, याला चार-पाच दिवस लागतात. त्यानंतर तो सर्वांत अलीकडच्या, झेपलेल्या पायरीवर, म्हणजे एक रात्र सोडून वापरावर, परत येतो आणि या वेळी आधी मॉइश्चरायझर, मग क्रीम असा क्रम ठेवतो. आणखी तीन आठवड्यांनी तो रोजच्या वापरापर्यंत पोहोचतो. रोजचा वापर हे सर्वांसाठी सक्तीचे ध्येय नाही. काहींची त्वचा एक रात्र सोडूनच स्थिरावते आणि त्यांना सातत्य राखल्यास तेवढ्यावरही फायदा होतो. टक्केवारी वाढवायची असल्यास तो निर्णय त्यानंतरचा, तोही डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यायचा असतो.

त्रास कमी करण्याच्या उपायांत मॉइश्चरायझर सर्वांत महत्त्वाचे आहे. सेरामाइड किंवा ग्लिसरिन असलेले, सुगंधरहित आणि छिद्रे न बुजवणारे मॉइश्चरायझर क्रीमच्या आधी, नंतर किंवा दोन्ही वेळा लावता येते. दोन्ही वेळा लावल्यास औषधाची धार काहीशी कमी होते, पण औषध सोडून देण्यापेक्षा ते नक्कीच बरे. फारच नाजूक त्वचेसाठी अल्पकाळ संपर्काची पद्धत आहे. तीत क्रीम अर्धा तास ठेवून धुऊन टाकतात आणि सोसेल तसा हा वेळ वाढवत नेतात. सुरुवातीच्या काळात सॅलिसिलिक आम्ल, ग्लायकोलिक आम्ल, खरखरीत स्क्रब आणि अल्कोहोलयुक्त टोनर बाजूला ठेवावेत. हे सगळे एकाच वेळी वापरले, तर आग कशाने झाली हेही कळत नाही. ट्रेटिनॉइन लावलेल्या भागावर वॅक्सिंग केल्यास वरची कातडी सोलून निघू शकते, त्यामुळे ते टाळतात. दिवसा एसपीएफ ३० किंवा त्याहून अधिक असलेले सनस्क्रीन लावणे उपचारातच धरले जाते.

प्रत्येक लाली सारखी नसते, हे ओळखता येणे गरजेचे असते. पहिल्या काही आठवड्यांत, जेथे नेहमी मुरुम येतात तेथेच, छोट्या पुटकुळ्या वाढल्या तर आत दडलेले बूच वर येत असण्याची शक्यता असते आणि अशा वेळी वापर त्याच गतीने चालू ठेवता येतो. पसरट लाली, पापुद्रे आणि चुणचुण, तीही घड्यांमध्ये अधिक, हे औषधाच्या अतिरेकी क्षोभाचे लक्षण असून त्यावर विश्रांती आणि विरळ वापर हा उपाय आहे. तीव्र खाज, पापण्यांवर सूज, पाण्याने भरलेले फोड किंवा क्रीम न लावलेल्या भागावरही उठणारे पुरळ मात्र ॲलर्जी सुचवते. तेव्हा क्रीम पूर्ण बंद करून डॉक्टरांना दाखवावे लागते.

इसब असलेल्या किंवा उन्हाने भाजलेल्या त्वचेवर हे क्रीम लावत नाहीत. गर्भवती आणि गर्भधारणेचा विचार असलेल्या स्त्रियांनी ते टाळावे असा सर्वसाधारण सल्ला आहे. त्वचेतून रक्तात जाणारे प्रमाण अत्यल्प असले तरी त्याच कुळातील पोटात घेण्याच्या औषधांमुळे गर्भात गंभीर व्यंगे निर्माण होतात, त्यामुळे येथे जोखीम घेतली जात नाही.

परिणाम जोखण्याआधी किमान १२ आठवडे द्यावे लागतात, कारण उपचार सुरू होताना आत तयार असलेले बूच बाहेर पडायलाच काही आठवडे जातात. दाहयुक्त पुटकुळ्या जास्त असतील तर एकट्या ट्रेटिनॉइनवर न थांबता बेन्झॉइल पेरॉक्साइड किंवा त्वचेला लावायचे प्रतिजैविक जोडतात. खोलवरच्या गाठी आणि व्रण पाडणाऱ्या मुरुमांत केवळ क्रीमवर महिने घालवणे नुकसानकारक ठरते, कारण तेवढ्यात कायमचे खड्डे पडतात आणि तेथे पोटात घेण्याच्या औषधांचा विचार लवकर करावा लागतो. साध्या मुरुमांत चेहरा स्वच्छ झाल्यावरही क्रीम चालू ठेवतात, कारण ते बंद केल्यावर काही काळाने बूच पुन्हा धरू लागतात. अशा देखभालीसाठी डॉक्टर अनेकदा आठवड्यातून काही रात्रीच क्रीम लावायला सांगतात.