तारे लुकलुकतात, ग्रह का नाही? एका जुन्या प्रश्नाची पार्श्वभूमी

आकाशातील ग्रह ओळखण्याची जी खूण आपल्याकडे घराघरांत सांगितली जाते, ती म्हणजे तारा लुकलुकतो आणि ग्रह स्थिर तेवतो. ही खूण इतकी जुनी आहे, की इ.स.पू. चौथ्या शतकात ॲरिस्टॉटलने तर्कशास्त्र शिकवताना तिचाच दाखला घेतला होता. ‘ग्रह लुकलुकत नाहीत, म्हणजे ते जवळ आहेत’ असे म्हणणाऱ्याला केवळ वस्तुस्थिती कळलेली असते, आणि ‘ग्रह जवळ आहेत, म्हणून ते लुकलुकत नाहीत’ असे म्हणणाऱ्याला तिचे कारण कळलेले असते, हा भेद त्याने या उदाहरणावरून समजावला. गंमत अशी, की कारण कशाला म्हणावे हे सांगण्यासाठी निवडलेल्या या उदाहरणातले कारणच अपुरे होते. डोळ्यांतून निघणारी दृष्टी दूरच्या ताऱ्यांपर्यंत ताणली जाताना थरथरते, अशी त्याची समजूत होती. म्हणजे दोष ताऱ्याचा नव्हे, पाहणाऱ्याचा.

पुढचा मोठा टप्पा १६१० सालचा. गॅलिलिओने दुर्बिणीतून पाहिले तेव्हा ग्रह चंद्रासारख्या लहान, गोल, रेखीव चकत्या दिसले. तारे मात्र दुर्बिणीतूनही किरणे फेकणारे, थरथरणारे ठिपकेच राहिले. हे वाचून केप्लरने त्याच वर्षी निष्कर्ष काढला, की तारे स्वयंप्रकाशी असले पाहिजेत आणि ग्रह परप्रकाशी. निष्कर्ष खरा आहे, परंतु लुकलुकण्याशी त्याचा काहीही संबंध नाही. आजही ‘ताऱ्यांना स्वतःचा प्रकाश असतो म्हणून ते लुकलुकतात’ असे उत्तर ऐकू येते. ते याच गल्लतीचे वारस आहे. प्रकाश स्वतःचा असो वा उसना, हवेला त्याने फरक पडत नाही.

हवेकडे बोट दाखवले ते रॉबर्ट हूकने १६६५ साली आणि त्यानंतर अधिक नेमकेपणाने न्यूटनने. १७०४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रकाशविषयक ग्रंथात न्यूटनने लिहिले, की आपण ज्या हवेतून तारे पाहतो ती सतत कंप पावत असते आणि उंच मनोऱ्यांच्या थरथरत्या सावल्यांतूनही ते दिसते. यापुढचे त्याचे निरीक्षण मला साऱ्या इतिहासातले सर्वांत मोलाचे वाटते. मोठ्या तोंडाच्या दुर्बिणीतून पाहिल्यास तारे लुकलुकत नाहीत, असे त्याने नोंदवले. भिंगाच्या वेगवेगळ्या भागांतून आलेले किरण आपापल्या परीने थरथरतात, त्यांचे कंप एकमेकांत मिसळून जातात, आणि लुकलुकण्याच्या जागी एक रुंदावलेला, स्थिर ठिपका उरतो. ग्रह स्थिर का दिसतात याचे उत्तरही याच तर्कात दडलेले आहे, फक्त तो उलट्या टोकाने लावावा लागतो: तिथे पाहणारे भिंग रुंद असते, इथे प्रकाशाचा उगम रुंद असतो.

हे आकड्यांत मांडून पाहू. समजा, हवेतील खळबळीचा एक थर आपल्या डोक्यावर १० किलोमीटर उंचीवर आहे. तिथे थंड व उबदार हवेचे लहानमोठे पुंजके वाऱ्याबरोबर वाहत असतात. दोन्हींची घनता किंचित वेगळी असल्याने प्रकाशाचे अपवर्तनही किंचित वेगळे होते, आणि हे पुंजके कमजोर भिंगांसारखे वागून कुठे प्रकाश एकवटतात, तर कुठे पांगवतात. एवढ्या उंचीवरून जमिनीवर उजळ व अंधूक पट्टे उमटवण्यात सर्वाधिक वाटा असतो तो सुमारे ७ सेंटिमीटर आकाराच्या पुंजक्यांचा. हे पट्टे वाऱ्याच्या वेगाने डोळ्यांवरून सरकतात, आणि डोळ्याची बाहुली त्यांच्या मानाने फारच लहान असल्यामुळे आपल्याला तारा क्षणात उजळ, क्षणात मंद दिसतो.

आता व्याध ताऱ्याचा कोनीय व्यास आहे सुमारे ०.००६ विकला. एक विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग. व्याधाच्या चकतीवरून डोळ्याकडे येणारे सारे किरण १० किलोमीटर उंचीवरच्या त्या थरातून जाताना जेमतेम ०.३ मिलिमीटर इतके पसरलेले असतात. एका पुंजक्याच्या नशिबी जे येईल ते साऱ्या प्रकाशाच्या नशिबी येते. गुरूचा कोनीय व्यास मात्र ४० विकलांच्या आसपास असतो. त्याच्या चकतीच्या दोन काठांवरून येणारे किरण त्याच थरात एकमेकांपासून सुमारे २ मीटर दूर असतात. ७ सेंटिमीटरचे शेकडो पुंजके त्या २ मीटरच्या वर्तुळात एकाच वेळी मावतात. चकतीचा प्रत्येक बिंदू स्वतंत्रपणे लुकलुकतच असतो, पण एक मंदावतो तेव्हा दुसरा उजळतो आणि बेरीज जवळजवळ कायम राहते.

यावरून खरी कसोटी अंतराची नाही, प्रकाशाच्या प्रकाराची नाही, तर आकाशात दिसणाऱ्या रुंदीची आहे, हे स्पष्ट होते. बुध हा गुरू-शनीपेक्षा आपल्याला कितीतरी जवळचा. तरी त्याची चकती साधारण ५ ते १२ विकलांचीच असते. शिवाय तो नेहमी क्षितिजालगत, हवेच्या जाड थरातूनच दिसतो, आणि म्हणून तो बऱ्याचदा लुकलुकताना आढळतो. ॲरिस्टॉटलच्या नियमाला बुधाचा हा अपवाद अडचणीचा होता. उलट, खग्रास सूर्यग्रहणाच्या आधी-नंतरच्या क्षणांत सूर्याची केवळ बारीक कोर उरते, तेव्हा जमिनीवर किंवा पांढऱ्या चादरीवर अस्पष्ट सावल्यांचे पट्टे धावताना दिसतात. खुद्द सूर्यही, पुरेसा अरुंद झाला की, लुकलुकतो. त्यामुळे नवख्याने ग्रह ओळखताना क्षितिजाजवळचा ठिपका घाईने तारा ठरवू नये. तो वर येईपर्यंत थांबावे. तेच व्याधाचे: डिसेंबरच्या संध्याकाळी उगवताना लाल-हिरवा चमकणारा हा तारा मध्यरात्री उंच चढल्यावर बराच निवळतो.

१८९३ साली लॉर्ड रॅले यांनी या घटनेची गणिती मांडणी केली, १९५२ साली सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी खळबळीच्या सांख्यिकीतून तिचा विचार केला, आणि पुढे मुख्यतः रशियन संशोधकांनी हा सिद्धान्त पूर्णत्वाला नेला. पण सर्वांत अनपेक्षित वळण दृश्य प्रकाशात नव्हे, रेडिओ लहरींत आले. सूर्यापासून निघणारा विद्युतभारित वायू, म्हणजे सूर्यवात, ग्रहांमधल्या अवकाशात पसरलेला असतो, आणि त्याचेही पुंजके रेडिओ लहरींशी तेच करतात जे हवा प्रकाशाशी करते. १९६४ साली केंब्रिजच्या अँटनी ह्युइश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की आकाशातील अतिशय लहान कोनीय आकाराचे रेडिओ स्रोत लुकलुकतात आणि पसरट स्रोत स्थिर राहतात. म्हणजे लुकलुकणे हेच आकार मोजण्याचे साधन झाले. पुढे उटीच्या ५३० मीटर लांबीच्या रेडिओ दुर्बिणीनेही याच पद्धतीने सूर्यवाताचा दीर्घकाळ अभ्यास केला.

या कामासाठी ह्युइश यांनी केंब्रिजजवळ २०४८ अँटेनांची मांडणी उभारली. १९६७ साली तिच्या कागदी नोंदी तपासणाऱ्या जोसेलिन बेल यांना एक लुकलुकणारा स्रोत रात्री, सूर्याच्या विरुद्ध दिशेला आढळला. तिथे सूर्यवाताचा परिणाम क्षीण असतो, त्यामुळे त्याने इतके लुकलुकणे अपेक्षितच नव्हते. नोव्हेंबरच्या अखेरीस कागद वेगाने फिरवून नोंद घेतली, तेव्हा ती थरथर नव्हती, दर १.३३ सेकंदाला येणारे ठोके होते: तो पहिला पल्सार, म्हणजे स्वतःभोवती फिरत नियमित ठोक्यांनी रेडिओ लहरी पाठवणारा तारा, होता.