व्यवसाय कराचं चलन अख्खं कामगारांचं, ईएसआयचं चलन दोघांचं

वाळूज, चिकलठाण्यातल्या लहान वर्कशॉपचे हिशेब बघायला घेतले की देणी-पत्रकात एक गोंधळ हमखास सापडतो. व्यवसाय कराची म्हणजे पीटीची आणि कामगार विम्याची म्हणजे ईएसआयची, दोन्ही चलनं एकाच पद्धतीने चढवलेली असतात. चलनावरची रक्कम उचलली, ‘कपात’ रकान्यात टाकली, संपलं. पीटीला हे चालतं, ईएसआयला चालत नाही.

पीटी बहुतेकांना ठाऊक आहे. पुरुषाचा पगार महिना १०,००० च्या वर असेल तर २०० रुपये, फेब्रुवारीत ३००. महिलेला २५,००० पर्यंत काहीच नाही. कापलेले पैसे एमटीआर-६ चलनाने सरकारजमा होतात. त्यातली कराची रक्कम पूर्णपणे कामगारांच्या पगारातून आलेली असते, मालकाचा त्यात रुपयाही नसतो. उशीर झाला तर व्याज त्याच चलनावर वेगळ्या ओळीत येतं. ते मात्र मालकाचा खर्च, कपातीत मिसळायचं नाही. आणि मालकाचे स्वतःचे वर्षाचे २,५०० रुपये म्हणजे पीटीईसी. तेही एमटीआर-६ वरच भरले जातात, म्हणून चलन हातात आलं की आधी ते कामगारांच्या कपातीचं, म्हणजे पीटीआरसी आहे की पीटीईसी ते बघा. पीटीईसीला पगाराच्या पत्रकात जागा नाही.

खरी अडचण ईएसआयच्या चलनाची आहे. त्यावर एकच एकूण रक्कम छापलेली असते, पण तिच्या पोटात दोन वेगळ्या जातीचे पैसे असतात. कामगाराचा ०.७५ टक्के हिस्सा त्याच्या पगारातून कापलेला असतो. मालकाचा ३.२५ टक्के हिस्सा पगाराच्या वर मालकाने घातलेला असतो, आणि तो कामगाराकडून वसूल करणं कायद्याला मान्य नाही.

पाच जणांचा जूनचा पगार घेऊ. दोन पुरुष, १३,३५० आणि १४,२१० वर. दोन महिला, १५,८०० आणि १८,४३० वर. एक सुपरवायझर, पुरुष, २६,५०० वर, तो आधीपासूनच २१,००० च्या मर्यादेबाहेर, म्हणून ईएसआयमध्ये नाही. एकूण पगार ८८,२९०.

पीटी तीन पुरुषांची, ६०० रुपये. ईएसआय पहिल्या चौघांची, त्यांचा पगार ६१,७९०. कामगार हिस्सा प्रत्येकाचा वेगळा काढून पुढच्या रुपयाला न्यायचा: १०१, १०७, ११९, १३९, मिळून ४६६. मालकाचा हिस्सा मात्र या चौघांच्या एकूण पगारावर एकदाच काढतात, तो २,००९. चलन २,४७५ रुपयांचं.

आता कोणी पीटीच्या ६०० सोबत हे २,४७५ कपातीत टाकले तर पत्रक म्हणेल, हातात ८५,२१५ दिले. बँकेतून गेलेले असतात ८७,२२४. फरक बरोबर २,००९, म्हणजे मालकाचा हिस्सा. बँकेशी मेळ बसत नसेल आणि तफावत याच आकड्याएवढी असेल तर चूक दुसरीकडे शोधत बसू नका.

उलटी चूकही तितकीच दिसते. सगळे २,४७५ खर्चात टाकायचे. पगारखर्च आधीच ८८,२९० धरलेला आहे, कामगारांचे ४६६ त्यातच आहेत. ते पुन्हा खर्चात आले की खर्च ४६६ ने फुगतो, आणि कापून ठेवलेले ४६६ देणी-पत्रकात तसेच शिल्लक दिसतात. पुढच्या महिन्यात त्यावर आणखी चढतात. चलनं वेळेवर भरूनही ‘ईएसआय देणे’ दर महिन्याला वाढत असेल तर कारण बहुधा हेच.

म्हणून ईएसआयला दोन ओळी ठेवा. ‘कामगार हिस्सा’ ४६६, पगारातून आलेला. ‘मालक हिस्सा’ २,००९, खर्चातून आलेला. चलन भरलं की दोन्ही ओळी शून्य. मालकाचा जूनचा एकूण खर्च ८८,२९० अधिक २,००९, म्हणजे ९०,२९९.

काही जण चलनाची रक्कम टक्केवारीने फोडतात, त्यावर माझा ठाम आक्षेप आहे. २,४७५ ला चाराने भागून ०.७५ ने गुणलं की ४६४ येतात, कापले आहेत ४६६. रुपये दोनच, पण वर्षभर साठले की कोणालाच उलगडत नाहीत. फोड हवी असेल तर ईएसआयच्या पोर्टलवर त्या महिन्याच्या नोंदीत कामगारनिहाय हिस्सा दिसतो. तोच उचला आणि पगारपत्रकातल्या कपातीशी एकेक नाव ताडून बघा.

महिन्याचंही तेवढं सांभाळा. जूनच्या पगाराची ईएसआय १५ जुलैपर्यंत भरायची असते, त्यामुळे चलनावर भरल्याची तारीख जुलैची असते. पत्रकात नोंद जूनच्या देण्यासमोरच करायची, तारखेकडे बघून जुलैच्या नाही. चलनावर कोणत्या महिन्याचं योगदान ते लिहिलेलं असतं, तेच वाचा.