बारा व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर, मीटरवर साडेनऊ

रावेर-यावलच्या केळी पट्ट्यात पाठीवरचे फवारणी पंप बॅटरीवर चालतात, आणि त्यांचे चार्जर दुरुस्तीला येत राहतात. अगदी साधा चार्जर उघडला तर आत 12 व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर आणि चार डायोडचा ब्रिज, एवढेच. कपॅसिटर नाही. बॅटरी काढून त्या जागी छोटा बल्ब जोडा आणि मीटर डीसीवर ठेवून मोजा, तर साधारण 9.4 व्होल्ट दिसतात. ट्रान्सफॉर्मर गेला, असे म्हणून तो बदलायचा मोह इथेच होतो. प्रत्यक्षात तो ठणठणीत असतो.

ट्रान्सफॉर्मरवर लिहिलेले 12 हे आरएमएस, म्हणजे रूट-मीन-स्क्वेअर मूल्य आहे. लाटेचे टोक Vm त्याच्या √2 पट, म्हणजे 17 व्होल्टच्या जवळ जाते. ब्रिज खालचा अर्धा भाग उलटा करून वर आणतो, त्यामुळे 20 मिलीसेकंदांच्या आवर्तनाऐवजी दर 10 मिलीसेकंदांनी तोच उंचवटा पुन्हा येतो. सरासरी म्हणजे त्या उंचवट्याखालचे क्षेत्रफळ भागिले त्याची रुंदी. कोनात मोजले तर रुंदी π, आणि 0 ते π पर्यंत sin θ चे क्षेत्रफळ बरोबर 2 भरते. म्हणून

सरासरी = 2Vm/π = 0.637 × 17 = 10.8 व्होल्ट

इथे एक चूक नेहमीची: क्षेत्रफळ 0 ते π चे घ्यायचे आणि भागायचे मात्र 2π ने. तसे केले की उत्तर निम्मे येते, आणि ते एकाच डायोडच्या अर्ध-लहरी रेक्टिफायरचे असते.

ब्रिजमध्ये प्रवाह एका वेळी दोन डायोडमधून जातो, प्रत्येकी 0.7 व्होल्ट खातो. 10.8 मधून 1.4 गेले, उरले 9.4. मीटरने खरेच सांगितले.

मग 9.4 व्होल्टवर 12 व्होल्टची बॅटरी चार्ज कशी होते? ती सरासरीने होतच नाही. टोक 15.6 पर्यंत जाते, आणि बॅटरीच्या व्होल्टेजपेक्षा लाट वर असते तेवढाच वेळ प्रवाह आत शिरतो.

आता आरएमएस. नावातली क्रिया उलट्या क्रमाने करायची: आधी वर्ग, मग त्या वर्गाची सरासरी, शेवटी वर्गमूळ. वर्ग कशासाठी, तर तारेतली उष्णता व्होल्टेजच्या वर्गावर ठरते. sin² ची सरासरी इंटिग्रेशन न करताही निघते. sin² + cos² = 1, आणि दोन्ही आकार सारखेच, फक्त सरकलेले; तेव्हा प्रत्येकाच्या वाट्याला ½. म्हणून आरएमएस = Vm/√2. ब्रिज लावल्याने यात फरक पडत नाही, कारण उणेचा वर्गही अधिकच असतो. डायोडचा घट सोडला तर आरएमएस पुन्हा 12 व्होल्टच.

याच बिंदूवर तेच मीटर एसीवर फिरवले तर? ट्रू आरएमएस मीटरही बहुधा 12 दाखवणार नाही. पुष्कळ मीटर एसीवर डीसीचा भाग आधी अडवतात आणि उरलेली लहरच मोजतात. √(12² − 10.8²) = 5.2. दोन्ही वाचने वेगळी घेऊन वर्गांची बेरीज केली, तरच पूर्ण आरएमएस मिळते.

स्वस्त मीटरची गोम निराळी. ते एसी आतल्या आत रेक्टिफाय करते, सरासरी घेते आणि तिला 1.11 ने गुणते. हा आकडा 0.707 भागिले 0.637 यातून आला आहे, म्हणजे तो फक्त साइन लहरीचा आहे. चौकोनी लहर देणाऱ्या इन्व्हर्टरवर रेक्टिफाय केलेली सरासरी आणि आरएमएस एकच असतात. तिथे खरे 230 असताना हे मीटर 255 दाखवते. त्रिकोणी लहरीत सरासरी Vm/2 आणि आरएमएस Vm/√3. तिथे चार टक्क्यांच्या आसपास कमी दाखवते, हे चालून जाते.

खरा घोटाळा ट्रायॅक रेग्युलेटरवर होतो. समजा तो प्रत्येक अर्धलहरीचा पहिला अर्धा भाग कापतो आणि 90 अंशांनंतर चालू होतो. 230 व्होल्टचे टोक 325. क्षेत्रफळ निम्मे उरले, म्हणून सरासरी 325/π = 103.5, गुणिले 1.11, मीटर म्हणते 115. पण वर्गाची सरासरी निम्मी झाली की वर्गमूळ 1/√2 पटच होते: 230/√2 = 163 व्होल्ट. या रेग्युलेटरवर 1000 वॅटची हीटर कॉइल असेल तर तिचा रोध सुमारे 53 ओहम. 115 धरून हिशेब केला तर 250 वॅट येतात, कॉइल मात्र 500 वॅटने तापत असते.