अंगठा सरकतो कुठून, आणि बुटांनी तो परत का येत नाही

पायाच्या अंगठ्याच्या बुडाशी, आतल्या बाजूला जो लालसर उंचवटा दिसतो त्याला बुनियन म्हणतात. बहुतेकांना वाटतं तिथे हाड वाढलंय. डॉक्टरांनाही फार काळ तसंच वाटत होतं, म्हणून उपचार म्हणजे तो उंचवटा घासणं, दाबणं किंवा छाटणं, एवढंच होतं. 1870 च्या दशकाच्या सुरुवातीला जर्मन शल्यविशारद कार्ल ह्यूटर यांनी या विकृतीला ‘हॅलक्स व्हॅल्गस’ हे नाव दिलं. त्याचा अर्थ करंगळीच्या दिशेने कललेला अंगठा. नावात उंचवटा नाही, कल आहे. तरी उंचवटा छाटून भागेल ही समजूत त्यानंतरही बरीच वर्षं टिकली आणि आजही घरोघरी आहे. उपचारांबद्दलच्या अपेक्षा चुकतात त्या बहुतेक याच समजुतीमुळे.

अंगठ्यामागे चवड्यात एक जाड, लांब हाड असतं, पहिलं मेटाटार्सल. त्याच्या पुढच्या डोक्याला एकही स्नायू थेट चिकटलेला नाही. अंगठ्याकडे जाणारे स्नायू या डोक्याला ओलांडून पुढच्या हाडाला धरतात. डोक्याला जागेवर ठेवतात ती दोन्ही बाजूंची अस्थिबंधनं आणि सांध्याची पिशवी. दुसऱ्या पायाकडच्या बाजूची अस्थिबंधनं ताणून सैल पडली की डोकं त्या बाजूला सरकू लागतं आणि पुढचा अंगठा करंगळीकडे झुकतो. बाहेरून दिसणारा उंचवटा म्हणजे बहुतांशी हे सरकलेलं डोकंच. त्यावर बूट घासून त्वचेखालच्या द्रवाने भरलेल्या पिशवीला सूज आली की तो आणखी मोठा आणि लाल दिसतो.

डोक्याच्या खाली, स्नायूंच्या दोऱ्यांत, मटारएवढी दोन हाडं असतात, सिसॅमॉइड. ती एका मजबूत आडव्या बंधाने शेजारच्या हाडांशी बांधलेली असल्यामुळे जागेवरच राहतात आणि डोकं त्यांच्यावरून घसरून जातं. क्ष-किरण चित्रात सिसॅमॉइड सरकल्यासारखी दिसतात खरी, पण हललेलं असतं वरचं डोकं. पुढे अंगठ्याला करंगळीपासून दूर ओढणारा स्नायू तळव्याखाली घसरतो आणि त्याची बाजूची ओढ संपते. अंगठा वर आणि खाली करणाऱ्या दोऱ्या सरळ रेषेतून सुटून धनुष्याच्या दोरीसारख्या करंगळीच्या बाजूने ताणल्या जातात. इथून पुढे प्रत्येक पाऊल कल वाढवू शकतं, मग पायात बूट कोणताही असो.

हा कल घडवतो कोण? बुटांवरचा संशय जुना आहे. डच शरीररचनाशास्त्रज्ञ पेट्रुस काम्पर यांनी 1781 मध्ये उत्तम बूट कसा असावा यावर एक प्रबंधच लिहिला. त्या काळी युरोपात दोन्ही पायांचे बूट एकाच सरळ साच्यावर बनायचे. डावा-उजवा फरक नव्हता, आणि जो पाय बुटात जाई त्याला बुटाचा आकार घ्यावा लागे. डावे-उजवे साचे पुन्हा रूढ झाले ते एकोणिसाव्या शतकात. झुरिकचे हेर्मान फॉन मायर यांनी 1850 च्या दशकात एक साधी कसोटी मांडली: अंगठ्याच्या मधोमध जाणारी रेषा मागे वाढवली तर ती टाचेच्या मध्यातून गेली पाहिजे. आजही दुकानातला बूट पालथा करून तळव्यावर ही रेषा बोटाने ओढून पाहता येते. निमुळत्या टोकाच्या बुटात ती टाचेच्या मध्यातून जातच नाही.

त्याहून जुना पुरावा हाडांतच सापडला. केंब्रिज परिसरातल्या मध्ययुगीन दफनभूमींमधल्या 177 सांगाड्यांचा अभ्यास 2021 मध्ये प्रसिद्ध झाला. अकराव्या ते तेराव्या शतकातल्या सांगाड्यांपैकी 6 टक्क्यांत या विकृतीच्या खुणा होत्या. चौदाव्या-पंधराव्या शतकातल्यांत हे प्रमाण 27 टक्के निघालं. मधल्या काळात लांब टोकदार बुटांची फॅशन आली होती. ती इतकी बोकाळली की 1463 मध्ये चौथ्या एडवर्ड राजाने बुटाच्या टोकाच्या लांबीवर दोन इंचांची मर्यादा घातली. खेड्यातल्या दफनभूमीत प्रमाण 3 टक्के होतं, तर मठातल्या, म्हणजे बरी ऐपत असलेल्या लोकांत 43 टक्के. उतारवयातल्या ज्या सांगाड्यांत वाकडा अंगठा होता त्यांत पडून मोडलेल्या हाडांच्या खुणाही जास्त होत्या. अंगठ्याचा तोल सांभाळण्यातला वाटा पाहता हे पटण्याजोगं आहे.

1958 मध्ये हाँगकाँगमधल्या एका अभ्यासाने जिवंत माणसांचे पाय तपासले. बूट वापरणाऱ्यांत वाकडा अंगठा 33 टक्के लोकांत होता आणि होड्यांवर अनवाणी राहणाऱ्यांत सुमारे 2 टक्के. लोक बहुतेक पहिला आकडा सांगतात, पण दुसराही तितकाच मोलाचा आहे. आयुष्यात बूट न घातलेल्यांतही तो शून्य नव्हता. आई, आजी, मावशी यांच्या पायात हीच ठेवण असणं फार सामान्य आहे. वारशात येतात त्या सांध्याचा आकार, अस्थिबंधनांची लवचिकता आणि पहिल्या मेटाटार्सलची हालचाल. अशा पायावर अरुंद बुटाचा दाब पडला की कल लवकर आणि जास्त येतो. उंच टाच त्यात भर घालते, कारण वजन पुढे ढकललं जातं आणि चवडा निमुळत्या टोकात रुतून बसतो. म्हणून एकाच दुकानातले बूट घालणाऱ्या दोन बहिणींपैकी एकीलाच त्रास झाला तर त्यात नवल नाही.

शस्त्रक्रियेविना कल सरळ करता येतो का, हा प्रश्न नीट तपासला गेला तो विसाव्या शतकाच्या शेवटी. इंग्लंडमध्ये सुमारे 6,000 शाळकरी मुलांची तपासणी झाली आणि कल असलेली 122 मुलं निवडली गेली. काहींना खास मापाचे इनसोल दिले, काहींना काहीच नाही. तीन वर्षांनी दोन्ही गटांत कल वाढलेलाच होता आणि इनसोलवाल्या गटात तो कमी वाढल्याचं दिसलं नाही. हा निकाल 1994 मध्ये छापून आला. वाढत्या वयातला लवचिक पाय जर इनसोलने वळत नसेल, तर चाळिशीतल्या पायाकडून ती अपेक्षा करणं कठीण आहे.

2001 मध्ये फिनलंडमधला अभ्यास आला. सौम्य ते मध्यम कल असलेल्या 209 प्रौढांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं तीन गटांत वाटलं: शस्त्रक्रिया, इनसोल आणि नुसती वाट पाहणं. सहा महिन्यांनी इनसोलवाल्यांचं दुखणं वाट पाहणाऱ्यांपेक्षा कमी होतं. वर्षाअखेर तो फरक उरला नाही आणि शस्त्रक्रियेचा गट सर्वांत पुढे होता. इनसोल निरुपयोगी आहे असा याचा अर्थ आम्ही घेत नाही. त्याचा फायदा काही महिन्यांचा असतो आणि तो दुखण्यापुरता असतो, हाडाच्या जागेपर्यंत पोहोचत नाही. रात्रीच्या पट्ट्याचंही तसंच. पट्टा बांधलेला असताना अंगठा सरळ दिसतो, पण झोपेत पायावर वजन नसतं. सकाळी उभं राहिलं की त्याच दोऱ्या त्याला पुन्हा ओढतात.

आता एक प्रातिनिधिक उदाहरण घेऊ. शिक्षिका आहे, वय 46, दिवसाचे सहा तास उभी. उभं राहून काढलेल्या क्ष-किरण चित्रात अंगठ्याचा कल 24 अंश (15 अंशांपर्यंत सामान्य मानतात, 20 ते 40 मध्यम). चित्र झोपून काढलं असतं तर कोन वेगळा दिसला असता, म्हणून उभ्याचाच आग्रह धरावा. दुखणं दोन ठिकाणी: उंचवट्यावर आणि दुसऱ्या बोटाच्या मुळाशी, तळव्यात.

पहिलं काम बूट. संध्याकाळी, पाय थोडे फुगलेले असताना, कागदावर दोन्ही पायांवर समान वजन देऊन उभं राहायचं आणि पेन्सिल सरळ उभी धरून बाह्यरेषा काढायची. चवड्याची रुंदी निघाली 101 मिलिमीटर. बुटातला इनसोल काढून मोजला तर तो तिथे 84 मिलिमीटर. चामडं थोडं ताणतं, पण 17 मिलिमीटरची तूट भरून निघत नाही. नव्या बुटात इनसोलवर उभं राहिल्यावर चवडा दोन्ही बाजूंनी जेमतेम बाहेर येईल इतपतच चालेल. सर्वांत लांब बोटापुढे 10 ते 12 मिलिमीटर जागा हवी. टाच अडीच सेंटिमीटरच्या आत, वर लेस किंवा पट्टा, आणि उंचवट्यावर शिवण नको. नुसता मोठा नंबर घेणं ही नेहमीची चूक. लांबी वाढते, टाच सैल पडते, पाय पुढे सरकतो आणि अंगठा पुन्हा टोकात अडकतो.

नवे बूट रोज वापरल्यावर सहा आठवड्यांत उंचवट्याची लाली बरीच उतरली. तळव्यातल्या दुखण्यासाठी इनसोलवर मऊ पॅड बसवलं. ते दुखऱ्या जागेच्या थोडं मागे लागतं. नेमकं दुखतं तिथे लावलं तर दाब वाढतो, आणि पहिल्याच दिवशी खडा टोचल्यासारखं वाटणं ही त्याची खूण. दोन बोटांमधला सिलिकॉनचा तुकडा रुंद बुटातच घालावा. अरुंद बुटात तो दुसऱ्या बोटाला ढकलतो. मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी झाली असेल तर असे तुकडे आणि पट्टे स्वतःहून लावूच नयेत. जखम होते आणि कळत नाही. बोटं फाकवण्याचे व्यायाम सांध्याची हालचाल राखायला मदत करतात. कोन थोडा घटल्याचं काही छोट्या अभ्यासांत दिसतं, पण 24 अंशांचा अंगठा त्याने सरळ होत नाही.

वर्षभराने या शिक्षिकेचा उंचवटा शांत असेल, तर कोन पूर्वीइतकाच असूनही उपचार यशस्वी समजायचा. मात्र दुसरं बोट अंगठ्यावर चढू लागलं, योग्य बुटातही रोज दुखतं आहे, किंवा सांध्याच्या आत खोलवर दुखतं आणि अंगठा वर उचलताना करकरतो, तर नवा इनसोल मागवण्यात आणखी सहा महिने घालवू नयेत. हाड कापून जागेवर आणण्याबद्दल पायाच्या शल्यविशारदाशी बोलण्याची वेळ हीच. त्यानंतरही रुंद बूट लागणारच, कारण सांध्याची वारशाने आलेली ठेवण तीच राहते आणि अरुंद टोकात कल पुन्हा येऊ शकतो.