धातूची काच: ताकद भरपूर, ताणलं तर मात्र तुटते

‘पोलादापेक्षा कितीतरी मजबूत धातू’ अशी धातुकाचेची बातमी अधूनमधून येते आणि आता फोनपासून पुलापर्यंत सगळं त्याचंच होणार, असं तिच्यात ठोकून दिलेलं असतं. धातुकाचेच्या ताकदीचा आकडा खरा आहे. पण ती तुटते कशी, हे अशा बातम्या सांगत नाहीत, आणि पूल बांधायचा तर आधी तेच बघावं लागतं.

नेहमीचा धातू थंड होताना त्यातले अणू ओळीत, ठरावीक अंतरावर बसतात. त्याचे स्फटिक होतात. द्रवातले विस्कळीत अणू तसेच्या तसे गोठले, तर धातुकाच मिळते. ती पारदर्शक नसते. धातूसारखीच चकाकते आणि वीजही वाहून नेते.

अणू गोठवायचे कसे? वितळणबिंदूच्या खाली गेल्यावर द्रवाला स्फटिक व्हायची ओढ लागते आणि तापमान उतरेल तशी ती वाढते. पण त्याच वेळी द्रव दाट होत जातो, अणूंना जागा बदलणं जड जातं. वर ओढ कमी, खाली हालचाल कमी. म्हणजे धोका तापमानाच्या मधल्या एका पट्ट्यात सगळ्यात जास्त, कारण तिथे दोन्ही पुरेशी असतात. तेवढा पट्टा स्फटिकाचं बीज धरायच्या आत ओलांडला की काम झालं. पुढे द्रव इतका दाट होतो की अणू जागचे हलत नाहीत.

साध्या मिश्रधातूत बीज धरायला लागणारा अवधी सेकंदाच्या अगदी बारीक अंशाइतका असतो. १९६० मध्ये अमेरिकेतल्या कॅलटेक या संस्थेत पोल ड्युवे आणि सहकाऱ्यांनी सोनं-सिलिकॉनचा वितळलेला थेंब वायूच्या झटक्याने तांब्यावर फेकून पहिली धातुकाच मिळवली. शीतनाचा वेग होता सेकंदाला सुमारे १० लाख अंश. असा वेग फक्त पातळ पापुद्र्यालाच मिळतो, कारण आतली उष्णता पृष्ठभागापर्यंत यायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाने वाढतो. ढोबळ हिशेब असा: १ सेंटिमीटर जाडीला सेकंदाला साधारण १० अंश. जाडी दहापट कमी केली तर वेग शंभरपट. या हिशेबाने १० लाख अंशांसाठी जाडी येते सुमारे ०.०३ मिलिमीटर. ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यासाठी फिरत्या तांब्याच्या चाकावर ओतून बनवतात ती धातुकाचेची पट्टी जवळपास एवढीच जाड असते.

जाड तुकडा हवा असेल तर मिश्रधातूच असा निवडायचा, की बीज धरायला त्याला वेळ लागेल. १९९३ मध्ये कॅलटेकमध्येच पेकर आणि जॉन्सन यांनी झिर्कोनियम, टायटॅनियम, तांबं, निकेल आणि बेरिलियम एकत्र केलं. अणूंचे आकार इतके वेगवेगळे की एकसारखी ओळ लागायलाच अडचण. सुमारे ६२० अंश सेल्सिअसला, म्हणजे ऐन धोक्याच्या पट्ट्यात, हा द्रव जवळपास मिनिटभर तग धरतो. सेकंदाला एखादा अंश उतरला तरी चालतं, त्यामुळे काही सेंटिमीटर जाडीचा ओतीव तुकडा मिळतो. मात्र ऑक्सिजन शिरला की त्याच्यामुळे बीजं लवकर धरतात. म्हणून हे काम निर्वातात किंवा आर्गॉनमध्ये करतात. तुकडा बिघडला का, ते क्ष-किरण सांगतात: काच असेल तर आलेखात एकच पसरट उंचवटा दिसतो, स्फटिक झाले असतील तर टोकदार सुळके.

आता ताकद. ही काच सुमारे १,९०० मेगापास्कलपर्यंत टिकते आणि तोवर २ टक्के ताणून सोडली तरी मूळ लांबीवर परत येते. बांधकामातली Fe 500D सळई ५०० मेगापास्कललाच कायमची ताणली जाऊ लागते; पण तुटण्याआधी ती किमान १६ टक्के लांबते. धातुकाच त्या २ टक्क्यांनंतर जवळजवळ काहीच न लांबता तुटते.

ताकदीचं आणि अशा तुटण्याचं कारण एकच. स्फटिकात ओळीतल्या एखाद्या दोषाच्या आधाराने थर थोड्या बळातच सरकतात. काचेत ओळच नाही, म्हणून सरकणंही सोपं नाही; अणूंचा अख्खा घोळका एकदम हलावा लागतो. ताकद येते ती इथून. पण घोळका हलला की तिथली रचना सैल होते, मग शेजारचा आणखी सहज हलतो. सळईत सरकणारे दोष एकमेकांत गुंततात, ती जागा कडक होते आणि ताण दुसरीकडे वाटला जातो. काचेत नेमकं उलट होतं. सगळं सरकणं १०-२० नॅनोमीटर जाडीच्या एकाच पट्ट्यात साठतं आणि तो पट्टा आरपार जातो. तुटलेल्या पृष्ठभागावर सूक्ष्मदर्शकाखाली शिरांची जाळी दिसते. काही ठिकाणी धातू क्षणभर वितळल्याचे थेंबही सापडतात.

पातळ पट्टी घडी घातली तरी तुटत नाही, कारण वाकताना तिच्यात असे सरकणारे बरेच पट्टे निघतात आणि प्रत्येक थोडाच सरकतो. मात्र चुंबकीय गुण सुधारण्यासाठी तापवली की तीच पट्टी ठिसूळ होते आणि तिच्या कपच्या उडू लागतात. ट्रान्सफॉर्मरचा गाभा त्यामुळेच जपून हाताळावा लागतो.

उपायही या सरकणाऱ्या पट्ट्याला अडवण्याचाच आहे. काचेत मुद्दाम मऊ स्फटिकांच्या फांद्या वाढू दिल्या, तर पट्टा त्यांच्यापाशी अडतो आणि दुसरीकडे नवा पट्टा सुरू होतो. २००८ मध्ये कॅलटेकच्याच गटाने असे नमुने ताणून १० टक्क्यांहून जास्त लांबवले. त्या बदल्यात ताकद मात्र घटली.